अण्णांचं काळं शौच आणि लोहाची गोळी

ताई, माझे वडील 71 वर्षांचे, कराडजवळ गावी भावाकडे असतात. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी वर्षभर रोज घेतात, हृदयासाठी रक्त पातळ करायची ऍस्पिरिनही चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन 8.6 निघालं म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. आता वहिनी सांगते, आठ दिवस झाले त्यांना काळं शौच होतंय. अण्णा म्हणतात, "लोहाच्या गोळीनं होतं तसं, डॉक्टरच बोलले होते." पोट दुखत नाही, जेवण व्यवस्थित आहे. वडिलांशी असलं बोलायचं तरी कसं? आणि नेमकं कोणत्या रंगाला घाबरायचं?
– पुण्याहून एक लेक

पुण्याच्या लेकी,

हे वाचलंस की आधी भावाला फोन लाव. अण्णांना आजच दवाखान्यात न्यायचं, तेही जिथे पोटाची दुर्बीण तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी होते अशा ठिकाणी. उद्या बाजार करून परवा जाऊ, असं नको. बाकीचं सावकाश वाच.

डॉक्टर खोटं बोलले नव्हते. लोहानं शौच काळं होतंच. पण ते गोळी सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत होतं. अण्णांची गोळी दोन महिन्यांची आणि काळेपणा आठ दिवसांचा, हा हिशेब जुळत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. 71 वर्षांच्या पुरुषाचं रक्त कमी झालंच कशानं? बाईचं पाळीत रक्त जातं, पुरुषाचं तसं काही नसतं. या वयात लोह कमी पडलं की पोटात किंवा आतड्यात कुठे थोडं थोडं रक्त झिरपतंय का, हे आधी शोधावं लागतं. अण्णांना भरपाई मिळाली, गळती कुणी पाहिली नाही. आणि भरपाईची गोळीच शौच काळं करत असल्यामुळे रक्ताचा काळेपणा तिच्या आड लपतो. तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली, त्यात ही फसगत मी कितीदा पाहिली.

त्यातले एक निवृत्त ड्रायव्हर अजून डोळ्यांसमोर आहेत. कंबरदुखीच्या गोळ्या, मग अशक्तपणा, मग लोह. काळं झालं तर घरात सगळे म्हणाले, गोळी लागू पडली! तीन आठवड्यांनी पहाटे संडासातून उठताना कोसळले. आणलं तेव्हा नाडी 120, हिमोग्लोबिन 8. मुलगा म्हणाला, आधीही आठच होतं, म्हणजे फार काही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते 6 झालं. ताकाचं पातेलं अर्धं सांडलं तरी उरलेलं ताक तितकंच दाट असतं, पाणी घातल्यावर पातळ होतं. रक्ताचंही तसंच. शरीर हळूहळू पाणी ओढून भरपाई करतं तेव्हा आकडा खाली येतो. म्हणून पहिल्या रिपोर्टवर निर्धास्त होऊन घरी परतायचं नाही. दुर्बिणीतून जठराला व्रण दिसला, त्याच नळीतून रक्त थांबवलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. त्यांनाही पोटात एकदाही दुखलं नव्हतं. दुखण्याच्या गोळीनं झालेला व्रण म्हाताऱ्या माणसात बऱ्याचदा मुकाच असतो. जठराचं अस्तर ज्या द्रव्यावर तग धरतं तेच ही गोळी कमी करते, आणि सोबतची ऍस्पिरिन रक्ताची गुठळी नीट बसू देत नाही.

जठरात सांडलेलं रक्त तिथल्या आम्लात आणि पुढे आतड्यात बदलत जातं आणि खाली डांबरासारखं उतरतं: काळं, चकचकीत, चिकट, पातळसर. भांड्याला असं चिकटतं की एक बादली ओतली तरी निघत नाही. आणि वास! तो एकदा आलेला माणूस दारातूनच ओळखतो. लोहाचं शौच बहुधा बांधीव असतं, हिरवट झाक असलेलं काळं, वासाला नेहमीसारखंच. वहिनीला मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांग. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो, लाजू नका. पण बांधीव दिसलं म्हणून जाणं रद्द करू नका, दोन्ही कारणं एकदम असू शकतात.

उभं राहताना चक्कर, दरदरून घाम, धाप, कॉफीच्या गाळासारखी उलटी, शांत बसूनही नाडी शंभरच्या वर, यातलं काहीही असेल तर भावाच्या मोटरसायकलवरून न्यायचं नाही. 108 ला फोन करून झोपवून न्यायचं. हृदयाच्या काही गोळ्या, जसं मेटोप्रोलॉल, नाडी दाबून ठेवतात. तेव्हा नाडी बरी म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. गुडघ्याची गोळी आजपासून बंद. ऍस्पिरिन मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही, विशेषतः स्टेंट घातलेला असेल तर. ती थांबवायची का आणि कधी परत सुरू करायची, हे डॉक्टर ठरवतील. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या, मेडिकलमधून आणलेलीसुद्धा. तीच सांगायची लोक विसरतात.

लाल रंगाचं थोडक्यात. आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का, हे आधी आठवावं. शौचानंतर लालभडक थेंब टपकले, तर बहुधा मूळव्याध किंवा फिशर. पण रक्त मळात मिसळलेलं असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन उतरत असेल, तर पन्नाशीच्या माणसानं मूळव्याधीचं मलम लावत बसू नये, मोठ्या आतड्याची तपासणी करावी. भरपूर लाल किंवा तांबूस-काळपट रक्त आणि सोबत चक्कर, तर तेही जठरातलंच जोरात वाहणारं रक्त असू शकतं.

फिकट रंगाची गोष्ट उलटी आहे. शौचाचा नेहमीचा रंग पित्तातून येतो. पित्ताची नळी अडली की शौच चिकणमातीसारखं पांढुरकं होतं आणि तो रंग लघवीत उतरतो, लघवी कडक चहासारखी. डोळे पिवळे, अंगाला खाज. सोबत थंडी वाजून ताप असेल तर नळीत पू होत असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना. काही न दुखता असं झालं तर त्याला साधी कावीळ म्हणून गावठी औषध देत बसू नका, नळीवर गाठीचा दाब असू शकतो, सोनोग्राफी लागतेच. तान्ह्या बाळाची शी पांढुरकी असेल आणि दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे असतील, तर कोवळं ऊन दाखवण्यात वेळ घालवायचा नाही. पित्तनलिका बंद असल्याचं निघालं तर शस्त्रक्रिया बाळ साठ दिवसांचं होण्याआत झालेली बरी.

आता अण्णांशी बोलायचं कसं. रंगाचा विषय काढूच नकोस, ते "गोळीनं होतं" म्हणून तिथेच मिटवतील. फोनवर एवढंच विचार, "अण्णा, हल्ली संडासात किती बादल्या ओताव्या लागतात?" पाण्याच्या हिशेबाला ते खरं उत्तर देतील. "तीन" म्हणोत की "एक", पुढचं वाक्य तुझं नाही, भावाचं: "चला, गाडी दारात आहे."

– ताई