कवितेतून श्रोत्यांना थेट प्रश्न विचारावा की नाही?

प्रश्न : मी छोट्या कार्यक्रमांत स्वतःच्या कविता वाचतो. कवितेत समोरच्याला थेट प्रश्न विचारला की कधी सगळे एकदम कान देतात, तर कधी लोक मान खाली घालतात किंवा मोबाइल काढतात. हा फरक नेमका कशामुळे पडतो? असे प्रश्न लिहावेत की टाळावेत?

उत्तर :

लिहावेत. मात्र ज्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याकडे नाही आणि ऐकणाऱ्याकडे आहे, तोच प्रश्न लिहावा. ज्याचे उत्तर तुम्ही आधीच ठरवून ठेवले आहे आणि श्रोत्याने केवळ मान हलवायची किंवा शरमिंदे व्हायचे आहे, तो प्रश्न दिसायला प्रश्न असला तरी ऐकणाऱ्याला तो आरोपासारखा लागतो. हे मला पुस्तक वाचून कळले नाही, एका फसलेल्या वाचनातून कळले, म्हणून तेच सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात मी गावाकडे एकट्या राहिलेल्या आईवरची कविता वाचली. कविता अष्टाक्षरीत होती आणि तिचे पहिले कडवे असे होते :

आई एकटी घरात
दिवा लावून बसली
तिची आठवण तुला
सांग कधी का रे आली?

चौथ्या ओळीनंतर मी थांबलो. दाद येईल अशी माझी कल्पना होती. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे खुर्चीत सरळ झाले, एकाने घड्याळ पाहिले आणि बाकीचे माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे पाहत राहिले. कार्यक्रम संपल्यावर एक बाई चहाचा पेला हातात घेऊन माझ्याजवळ आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “माझी आई घरात एकटी नाही हो. सात वर्षं अंथरुणाला खिळलेय. तिच्याजवळ मीच एकटी आहे.” त्यांनी तक्रार केली नव्हती, पण त्या रात्री मी वही काढून ते कडवे शब्दाशब्दाने तपासले.

पहिली चूक ‘सांग’ या शब्दात होती. तो लावला की प्रश्नाला हुकमाचा सूर येतो आणि व्यासपीठावरचा माणूस पोलीस चौकीतल्या जमादारासारखा वाटू लागतो. दुसरी चूक ‘रे’ची. आठ अक्षरे भरण्यासाठी तो मी सहज घातला होता, पण ‘रे’ म्हटल्याबरोबर सभागृहातली निम्मी माणसे, म्हणजे सगळ्या बायका, प्रश्नाच्या बाहेर गेल्या, आणि ज्या बाईंनी आईसाठी आयुष्य वेचले होते त्याही गेल्या. मराठीत संबोधनाला लिंग असते, हे आपण बोलताना कधी विसरत नाही, लिहिताना मात्र अक्षरे मोजण्याच्या नादात विसरतो. तिसरी आणि मूळ चूक अशी की या प्रश्नाला ‘नाही आली’ हे एकच उत्तर मी गृहीत धरले होते. ज्याची आई हयात नाही, जो आईसोबतच राहतो, ज्याचे आईशी कधी पटलेच नाही, अशा कोणाकडेही त्या प्रश्नाला देण्यासारखे स्वतःचे उत्तर नव्हते. मग त्यांनी पंख्याकडे पाहिले तर दोष त्यांचा नव्हता.

हे लक्षात आल्यावर मी जुन्या रचना पुन्हा काढून पाहिल्या, कारण आपल्याकडे श्रोत्याला प्रश्न विचारण्याची रीत काही शतकांची आहे आणि ती निभावून नेणारे लोक माझ्यापेक्षा फार शहाणे होते. चोखामेळ्याचा अभंग सगळ्यांच्या ओठांवर आहे :

ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥

हा प्रश्न तसा कडकच आहे. वरवरच्या रंगाला तू काय भुललास, असे तो समोरच्याला तोंडावर विचारतो. तरीही तो ऐकताना माणूस दुखावत नाही, उलट गुणगुणू लागतो. का, ते नीट पाहण्यासारखे आहे. प्रश्नाच्या आधी ऊस येतो. ऊस वाकडा असतो आणि रस वाकडा नसतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. पहिल्याच ओळीत ऐकणारा मनात ‘बरोबर’ म्हणून बसलेला असतो आणि मग प्रश्न येतो. पुढे कमान वाकडी पण तीर वाकडा नाही, नदी वाकडी पण पाणी वाकडे नाही, अशी उदाहरणे येतात आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न परत येतो. अखेरीस चोखा स्वतःला त्या रांगेत उभा करतो : चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा. ज्याला पंढरपूरच्या देवळात पाऊल ठेवू दिले गेले नाही, तो माणूस स्वतःला वाकडा म्हणवून घेतो आणि मग चौथ्यांदा तोच प्रश्न विचारतो. आता तो प्रश्न उसाबद्दलचा राहिलेला नसतो, पण श्रोत्याला मागे फिरण्याची वाट उरलेली नसते, कारण ऊस, कमान आणि नदी यांच्या बाबतीत त्याने आधीच मान डोलावलेली असते. आणखी एक बारकावा म्हणजे ‘भुललासी’ मधला ‘तू’ कोण, हे अभंग कुठेच सांगत नाही. तो देवळाच्या दारातला बडवा असू शकतो, वाटेवरचा वारकरी असू शकतो किंवा गाणारा स्वतःही असू शकतो. ते ठरवायचे काम ऐकणाऱ्यावर सोडलेले आहे.

रामदासांनी मनाच्या श्लोकांत दुसरी युक्ती वापरली आहे. ‘जनी सर्वसूखी असा कोण आहे, विचारी मना तूंचि शोधूनि पाहे’ या ओळींत प्रश्न श्रोत्याला आहे, पण पत्ता मनाचा आहे. कवी आपल्या मनाशी बोलतो आहे आणि आपण बाजूला बसून ऐकतो आहोत, अशी सोय झाल्यामुळे कोणाचीही चारचौघांत अडचण होत नाही, आणि तरी प्रत्येक जण गुपचूप आपले मन चाचपून पाहतो. भुजंगप्रयाताच्या बारा अक्षरांत ‘कोण आहे’ हे शब्द ओळीच्या अगदी टोकाला येतात, त्यामुळे प्रश्न संपतो तिथेच चालही क्षणभर विसावते. पुढच्या ओळींत रामदास पूर्वसंचिताचे उत्तर देऊन टाकतात आणि, खरे सांगायचे तर, माझ्यासाठी श्लोक तिथे थोडा मिटतो. पण त्यांना उपदेश करायचा होता, मला तो करायचा नाही, त्यामुळे तक्रार करण्याचे कारण नाही.

कलगी-तुऱ्यातले भेदिक सवाल ही वेगळी जात आहे. तिथे प्रश्न समोरच्या फडाला असतो, श्रोता पंचासारखा मजा पाहतो आणि अडचण झालीच तर शाहिराची होते. चळवळीच्या जलशांतले झणझणीत प्रश्नही असेच, ऐकणाऱ्यांच्या बाजूने बाहेरच्या कोणाला तरी विचारलेले असतात. तेच प्रश्न वळवून ऐकणाऱ्यांवर रोखले तर तीच गर्दी गप्प होते. तुमच्या कवितेतला प्रश्न नक्की कोणाला आहे, हे लिहिताना स्वतःशी ठरवून घ्या. ‘तुम्ही’ म्हटले की व्यासपीठ आणि खुर्च्या यांच्यात एक रेघ ओढली जाते, ‘आपण’ म्हटले की रेघ पुसली जाते पण धारही जाते, आणि ‘तू’ म्हटले तर प्रत्येक श्रोत्याला एकट्याला गाठता येते. मी सहसा ‘तू’ ठेवतो. पण मग त्या एकट्या माणसाला उत्तर देण्यासारखे काहीतरी हवे.

आता माझ्या कडव्याकडे परत येतो. आधी मला आईजवळची एक वस्तू हवी होती, कारण चोखोबांच्या उसासारखे काहीतरी हाताशी असल्याशिवाय प्रश्न विचारण्यात अर्थ नाही हे पटले होते. आमच्या घरी चहा बशीत ओतून पिण्याची पद्धत होती, आणि वडील गेल्यानंतरही आई दोन बशा विसळून ठेवायची. तिथून दुसरा खर्डा झाला :

आई एकटी घरात
दिवा लावून बसली
दोन बशांतली एक
कुणासाठी विसळली?

हे कडवे पहिल्यापेक्षा बरे होते, कारण प्रश्न आता आईबद्दलचा होता, कोणावर रोखलेला नव्हता. पण तो थेट श्रोत्याला नव्हता. म्हणून हे कडवे तसेच ठेवले आणि कवितेच्या शेवटी आणखी एक जोडले :

आई बशी विसळून
ठेवी रोज फळीवर
तुझ्या घरी कुणाची ती
बशी आहे फळीवर?

‘कुणाची ती’च्या जागी आधी ‘कुणाची रे’ असेच आले होते. त्या बाई आठवल्या आणि ‘रे’ खोडला. ‘सांग’ नव्हताच. यमकाच्या जागी तोच शब्द पुन्हा आला आहे हे एखादा जाणकार दाखवून देईल, पण इथे फळी तीच राहायला हवी होती, म्हणून तो दोष मी जाणूनबुजून ठेवला. मुख्य म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मला माहीत असणे शक्यच नाही. कोणाची बशी वडिलांची असेल, कोणाची परदेशी गेलेल्या मुलीची, आणि कोणाच्या घरी अशी बशी नसेलही, तरी त्याला कोणी दोषी धरत नाही.

तुमच्या कवितांसाठी एक साधी कसोटी सांगतो. कविता घरी मोठ्याने वाचा आणि प्रत्येक प्रश्नापाशी थांबून त्याचे उत्तर स्वतः मोठ्याने द्या. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच तोंडातून आले तर तिथे प्रश्न नव्हता, विधान होते, ते विधान म्हणूनच लिहा. ‘का’ आणि ‘ना’ यांनी संपणारे प्रश्न बहुधा इथेच गळतात, आणि ‘कोण’, ‘कुठे’, ‘कुणाची’ हे टिकतात. एका कवितेत मी श्रोत्याला थेट असा एकच प्रश्न ठेवतो. चोखोबांचा प्रश्न चार वेळा येतो हे खरे, पण तो एकच प्रश्न आहे. वेगवेगळे चार प्रश्न ओळीने आले की श्रोत्याला पहिल्याचे उत्तर शोधायलाही उसंत मिळत नाही आणि तो सगळेच सोडून देतो.

वाचताना प्रश्नानंतर एक पूर्ण श्वास घ्या, त्याहून जास्त थांबू नका. दाद मिळावी म्हणून ताटकळत राहिलात तर शांतता तुमच्या मालकीची होते आणि लोक पुन्हा पंख्याकडे पाहू लागतात. प्रश्न विचारताना कोणाच्याही डोळ्यांत डोळे घालून पाहू नका. मी मागच्या भिंतीकडे पाहतो.

नवे कडवे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. मी कागद घडी करत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरचे एक वयस्कर गृहस्थ कोणाकडेही न पाहता, पण ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाले, “धाकट्याची.”