स्नेक प्लांटची पानं सुरकुतली म्हणून लगेच पाणी घालू नका

आधी पान जिथे मातीतून वर येतं, तिथे बोटांनी दाबून बघा. बुंधा टणक असेल आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागत असेल, तर झाड खरंच तहानलेलं आहे. खालच्या भोकातून निथळेपर्यंत एकदा भरपूर पाणी द्या. काही दिवसांत पानं पुन्हा भरतात.

पण बुंधा मऊ, पिवळट असेल आणि माती ओली असेल, तर गोष्ट उलटी आहे. मुळं कुजली की कुंडीत पाणी असूनही पानांपर्यंत पोचत नाही, म्हणून पानं तहानल्यासारखीच सुरकुततात. नवखी मंडळी नेमकी इथेच आणखी पाणी घालतात.

मागच्या पावसाळ्यात माझ्या बाल्कनीतल्या झाडाची दोन पानं आडवी झाली. उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी, हात लावताच साल निघून आत नुसता दोरा उरत होता, आणि कुबट वास. चांगली मुळं फिकट किंवा केशरी आणि घट्ट असतात. कुजलेला भाग, गड्ड्यासकट, स्वच्छ सुरीने पांढरा गर दिसेपर्यंत कापला. तीन दिवस सावलीत सुकवून अर्धी माती, अर्धी जाड वाळू अशा छोट्या कुंडीत लावलं. पहिलं पाणी आठवड्याने दिलं.

जुन्या सुरकुत्या पूर्ण जातीलच असं नाही. नवा कोंब फुटतोय का, त्यावर लक्ष ठेवा.