शाळेच्या फुटबॉल स्पर्धेचं फिक्स्चर: ११ टीम, दोन दिवस

प्रश्न: ११ टीम आल्यात, एकच ग्राउंड, दोन दिवसांत जास्तीत जास्त १६ मॅच होतील. राउंड रॉबिन, नॉकआउट की ग्रुप?

ग्रुप घ्या. राउंड रॉबिनला ५५ मॅच लागतात, म्हणजे तो विषयच संपला. नॉकआउट १० मॅचमध्ये उरकतं पण निदान चार टीम एकच मॅच खेळून घरी जातात, आणि लहान मुलांना ते फार लागतं. तरी नॉकआउटच करायचं असेल तर २, ४, ८, १६ या दुपटीतला ११ च्या पुढचा आकडा १६, त्यातून ११ वजा म्हणजे पाच बाय, ते सगळे पहिल्याच राउंडला द्या, म्हणजे सहा टीम तीन मॅच खेळतील आणि पुढे बरोब्बर आठ उरतील, नाहीतर सेमीला कुणीतरी न खेळता फायनलला जातं आणि मग पालकांची भांडणं.

ग्रुप असे करा: ३, ३, ३, २. दोनवाल्यांना आपसात दोनदा खेळवा. मॅच झाल्या ११, वर दोन सेमी आणि फायनल, एकूण १४. प्रत्येक ग्रुपमधून फक्त पहिला पुढे.

तीनच्या ग्रुपमध्ये गोची ही की अ ने ब ला १-० हरवलं, ब ने क ला ३-०, क ने अ ला २-१, तिघांचे पॉइंट सारखे. आपसातला निकाल इथे गोल गोल फिरतो, म्हणून गोल फरक बघायचा: ब +२, अ ०, क -२, ब पुढे. तोही सारखा निघाला तर जास्त गोल, मग पेनल्टी. हा क्रम ड्रॉच्या आधीच लिहून सगळ्या कोचच्या सह्या घ्या.