मोठी खोली, लहान खोली आणि दिवसभर घरी असणारा

प्रश्न: आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये राहतो. एक खोली मोठी, तिला स्वतंत्र बाथरूम. मधल्या खोलीत एसी आहे, तिथला मुलगा पूर्णवेळ घरून काम करतो. मी सगळ्यात लहान खोलीत. आत्तापर्यंत भाडं आणि वीज दोन्ही तीन सारखे भाग. मला ते पटत नाही, पण काय मागावं तेही कळत नाही. खोल्या मोजून हिशोब करावा का?

उत्तर:

मोजा जरूर, पण भाडं त्यावर ठरवू नका. सुरुवातीला सगळेच टेप घेऊन बसतात, मीही बसलो होतो. हॉल आणि स्वयंपाकघराचा हिस्सा सारखा वाटला, खोल्यांचा हिस्सा चौरस फुटांवर लावला. कागदावर छान दिसलं आणि तिसऱ्या दिवशी वाद सुरू झाला. स्वतंत्र बाथरूमचे किती चौरस फूट धरायचे? दुपारभर ऊन येणाऱ्या भिंतीचे किती वजा करायचे? रस्त्याकडची खिडकी एकाला आवडते, दुसऱ्याला तिथे झोप लागत नाही. खोलीची किंमत खोलीत नसते, राहणाऱ्याच्या गरजेत असते. म्हणून ती राहणाऱ्यालाच विचारायची.

पद्धत अशी. प्रत्येकाने एकमेकांना न दाखवता एका चिठ्ठीवर तिन्ही खोल्यांची आपल्या मते योग्य किंमत लिहायची. अट एकच, तिन्ही आकड्यांची बेरीज एकूण भाड्याइतकी आली पाहिजे. त्यामुळे ‘माझी खोली फुकट, तुझी महाग’ असं नुसतं म्हणून चालत नाही. एका खोलीचा आकडा खाली ओढला की दुसरीचा वर न्यावाच लागतो.

एकूण भाडं सोयीसाठी ३०,००० धरू. समजा मोठ्या खोलीतल्याने लिहिलं: मोठी १३,०००, मधली ९,५००, लहान ७,५००. घरून काम करणाऱ्याने लिहिलं: मोठी १२,०००, मधली १०,५००, लहान ७,५००. तुम्ही लिहिलं: मोठी ११,०००, मधली ९,५००, लहान ९,५००. तुम्हाला दिवसभर बाहेरच राहायचंय, तेव्हा मोठ्या खोलीचं तुम्हाला इतरांइतकं अप्रूप नाही.

आता कोणाला कोणती खोली दिली तर बेरीज सगळ्यात जास्त येते ते बघा. इथे प्रत्येकजण आहे तिथेच राहिला तर १३,००० + १०,५०० + ९,५०० म्हणजे ३३,००० होतात. घरमालकाला हवेत ३०,०००. वरचे ३,००० तिघांत सारखे वाटून प्रत्येकाच्या आकड्यातून १,००० कमी करा. मोठी १२,०००, मधली ९,५००, लहान ८,५००. तुम्ही आज भरताय त्यापेक्षा १,५०० कमी, आणि मधल्या खोलीवाल्याचेही ५०० वाचतात. आपापल्या खोलीला जेवढं मोल दिलं होतं त्यापेक्षा प्रत्येकजण १,००० कमीच भरतोय.

इथे थांबायचं नाही. एक तपासणी राहते, आणि नेमकी तीच लोक विसरतात. प्रत्येकाला विचारायचं, ‘ठरलेल्या भाड्यात दुसऱ्याची खोली मिळत असेल तर बदलशील?’ वरच्या उदाहरणात घरून काम करणाऱ्याला मोठी खोली १२,००० ला मिळेल, पण त्याच्या लेखी तिची किंमत तेवढीच, म्हणजे फायदा शून्य. स्वतःच्या खोलीत त्याचा १,००० चा फायदा आहे, तो हलणार नाही. तुम्हाला मधली ९,५०० ला मिळेल, तीही तुम्ही लिहिलेल्या किंमतीलाच. कोणीच हलत नाही, म्हणजे जमलं. जादा रक्कम सारखी वाटली की दर वेळी असं जमेलच याची खात्री नसते. कोणी ‘हो, मी बदलतो’ म्हणाला, तर त्या खोलीचं भाडं थोडं वाढवायचं, त्याच्या खोलीचं तेवढंच कमी करायचं आणि पुन्हा विचारायचं. एकूण बेरीज मात्र तीच राहिली पाहिजे. गणितज्ञ फ्रान्सिस सू यांनी १९९९ मध्ये यावर एक निबंध लिहिला. त्यात काही साध्या अटींवर दाखवून दिलंय की कोणालाच दुसऱ्याच्या खोलीचा हेवा वाटणार नाही अशी भाड्याची विभागणी असतेच. तेव्हा एखाद-दोन फेऱ्यांत जमलं नाही तरी धीर सोडू नका.

या पद्धतीची एक मर्यादा आधीच सांगतो. एखाद्याची कमाई बाकीच्यांपेक्षा बरीच कमी असेल तर त्याचे आकडे त्याची आवड सांगत नाहीत, त्याचा खिसा सांगतात. तो लहान खोलीतच जाणार. ते त्याला चालणार आहे का, हे चिठ्ठ्या लिहायच्या आधी तोंडाने विचारा.

आता वीज. तुमचा खरा राग इथेच असावा असा माझा अंदाज आहे.

घरून काम करणारा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दिवसभर चालू असलेला लॅपटॉप येतो. तो जवळजवळ काहीच खात नाही. लॅपटॉप साधारण ५० वॅट, बाहेरचा मॉनिटर २५, जुन्या पद्धतीचा पंखा ७०, एलईडी दिवा ९. सगळे मिळून दीडशेच्या आसपास. ८ तासांत १.२ युनिट, महिन्याच्या २० कामाच्या दिवसांत २४ युनिट. राउटर तर तो ऑफिसला गेला तरी चालूच असतो, त्यामुळे तो त्याच्या नावावर टाकू नका. पण दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना सुमारे १,५०० वॅट ओढतो, म्हणजे त्या सगळ्या टेबलाच्या दहापट. थंडीत हीटर लावत असाल तर तोही त्याच पंगतीतला.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मीटरला विचारा. घरच्या मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ ‘3200 imp/kWh’ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३,२०० लुकलुकी झाल्या की एक युनिट. (तुमच्या मीटरवर वेगळा आकडा असेल तर तो घ्या.) दहा मिनिटं फ्रिज, गिझर, सगळं बंद करा आणि फक्त त्याचं टेबल आणि पंखा चालू ठेवा. मिनिटाला साधारण ८ लुकलुकी दिसतील. मग एसी लावा. कॉम्प्रेसर सुरू झाला की तोच दिवा मिनिटाला ८० च्या घरात जातो, मोजता मोजता बोटं चुकतात. तिघांनी मिळून मीटरसमोर उभं राहून हे एकदा बघाच. आमच्या घरातले निम्मे वाद त्या दिवशी संपले.

निम्मेच म्हणतोय, कारण उरलेल्या निम्म्यांत आम्ही तोंडावर पडलो होतो. बिल फुगलं तेव्हा आम्ही दोघांनी घरी बसणाऱ्यालाच धरलं आणि दोन महिने त्याच्याकडून जास्त पैसे घेतले. नंतर प्लगमध्ये लावायचा छोटा वीजमापक आणून एकेका वस्तूवर आठवडाभर ठेवला, तर चोर निघाला फ्रिज. दाराचं रबर एका बाजूला सैल झालं होतं, त्यामुळे कॉम्प्रेसर थांबतच नव्हता. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. ती अडकली पाहिजे. आमची सरसर बाहेर आली. रबर बदललं, त्याचे पैसे परत दिले, आणि महिनाभर त्याचे टोमणे ऐकले. तेव्हा आधी घरातला सामायिक खादाड कोण ते बघा, माणसाकडे नंतर वळा.

हिशोबासाठी एसीच्या लाइनवर इलेक्ट्रिशियनकडून एक सबमीटर बसवून घ्या, एवढंच पुरे. टेबलासाठी वेगळं मोजू नका, महिन्याचे २४ युनिट ठरवून टाका. मग बिलाचे तीन ढीग करा. स्थिर आकार, म्हणजे वीज वापरली नाही तरी येणारी रक्कम, तिघांत सारखी. सबमीटरवरचे युनिट आणि ते २४ युनिट घरून काम करणाऱ्याचे. उरलेले युनिट पुन्हा तिघांत सारखे.

समजा बिल ३,६०० आलं, त्यात स्थिर आकार ३०० आणि ३३० युनिटचे ३,३००, म्हणजे सरासरी १० प्रति युनिट. सबमीटर ९० दाखवतोय. त्याचे झाले ९० आणि २४ मिळून ११४ युनिट, म्हणजे १,१४०. उरलेले २१६ युनिट तिघांत ७२० प्रमाणे, वर स्थिर आकाराचे १००. तुम्ही दोघं ८२० भरणार, तो १,९६०. सारखे भाग केले असते तर प्रत्येकी १,२०० आले असते. आता एसी बंद असलेला महिना बघा. २४० युनिट, बिल २,७००. तुम्ही ८२०, तो १,०६०, आणि सारखे भाग केले तर प्रत्येकी ९००. तुमचा फरक फक्त ८० चा. मी तर अशा महिन्यात सरळ तीन भाग करीन, त्या ८० साठी तोंड वाकडं करण्यात अर्थ नाही.

जिथे युनिट वाढले की दर वाढतो तिथे कोणीतरी म्हणणारच, ‘वरच्या स्लॅबमध्ये आपण त्याच्यामुळे गेलो, महाग युनिट त्याच्या माथी मारा.’ हे करू नका. शेवटचे युनिट त्याचेच कशावरून? तुमचा गिझरही त्याच मीटरमधून गेला. सरासरी दर लावा.

एसीवरून अजून एक घोळ होतो. खोलीत एसी असणं ही सोय आहे, तिची किंमत चिठ्ठीतल्या आकड्यात आलेली असते. एसी चालवणं हा खर्च आहे, तो सबमीटरवर येतो. ‘तुझ्या खोलीत एसी आहे’ म्हणून भाड्यात वेगळे पैसे वाढवले तर एकाच गोष्टीचे दोनदा घेतल्यासारखं होईल. उलट त्याने टेबल हॉलमध्ये मांडलं असेल आणि दिवसभर कॉलमुळे तुम्हाला तिथे बसता येत नसेल, तर तो विजेचा प्रश्न नाहीच, भाड्याचा आहे. ‘मधली खोली अधिक हॉलचा तो कोपरा’ अशी एकच वस्तू समजून चिठ्ठ्या पुन्हा लिहा. आणि त्याची कंपनी घरच्या विजेचा भत्ता देते का, तेही विचारा. देत असेल तर टेबलाचे २४ युनिट भरायला तो कुरकुरणार नाही.

सबमीटरचा फोटो मुख्य मीटरचं रीडिंग होतं त्याच दिवशी काढून ग्रुपवर टाकायचा. चार दिवस मागेपुढे झाले तर ऐन उन्हाळ्यात वीसेक युनिट इकडचे तिकडे होतात. खोल्यांच्या चिठ्ठ्या मात्र दर महिन्याला काढायच्या नाहीत. कोणी सोडून गेला, नवीन आला किंवा भाडं वाढलं, तरच.