गंज काढला की भांडी उजळली?

प्रश्न : आमच्या गावी (वर्धा जिल्हा) महालक्ष्म्यांच्या आधी देवाची तांब्या-पितळेची भांडी साफ करतानाचा टाइमलॅप्स केला आहे. खाली 'चिंचेने गंज काढला' असं लिहिलं, तर पुण्याची वहिनी म्हणते 'गंज' चुकीचं, 'उजळली' लिहा. नक्की काय लिहावं?

उत्तर : वहिनींचं बरोबर आहे. गंज चढतो तो लोखंडाला. शिवाय आपल्या विदर्भात गंज म्हणजे वरण-भात शिजवायचं भांडं, त्यामुळे 'गंज काढला' वाचून इथला माणूस मांडणीवरून गंज काढला असंच समजेल. तांब्या-पितळेवर हवेने जो तपकिरी-काळा थर येतो त्याने भांडं 'काळं पडतं', आणि ओल राहून कोपऱ्यांत जी हिरवट पूड जमते तिला जुना शब्द 'जंगाल'. ती विषारी असते, म्हणून ते धुवण खाण्याच्या भांड्यांजवळ सांडू देऊ नये. 'कळकणं' हा शब्द मात्र इथे नको. पितळेत ठेवलेलं दही कळकतं, पितळ कळकत नाही.

आता 'घासणं' आणि 'उजळणं'. ही दोन वेगळी कामं आहेत आणि तुमच्या चित्रणातही ती वेगळी दिसायला हवीत. घासण्याने तेल, काजळी, कुंकू निघतं. उजळण्याने काळा थर निघून धातूचा मूळ रंग वर येतो. क्रम हाच ठेवावा. समईवर तेलाचा पापुद्रा असताना चिंच लावली तर आंबट पाणी धातूपर्यंत पोचत नाही आणि भांडं चट्ट्याचट्ट्यांनी उजळतं. म्हणून समई आणि निरांजन आधी गरम पाणी आणि चाळलेल्या राखडीने घासून घ्या. राखेतला क्षार तेल सोडवतो. राख चाळायची ती खड्यांसाठी, नाहीतर चरे पडतात.

मग उजळणं. लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी कोमट पाण्यात भिजवून कोळा, त्यात एक चमचा मीठ घाला. चिंचेतलं आम्ल काळा थर विरघळवतं आणि मिठाने ते काम वेगाने होतं. तांब्याच्या ताम्हणावर कोळ लावताच रंग पालटू लागतो. पाच मिनिटं पुरतात. पितळेला दोनच मिनिटं द्या आणि कोळ हाताने फिरवत राहा.

पितळेची एवढी घाई कशाला, तर पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात फार वेळ राहिलं की पृष्ठभागावरचं जस्त आधी निघून जातं, तांबं मागे उरतं आणि घंटेवर गुलाबी डाग दिसतात. पुष्कळांना वाटतं अजून मळ आहे, म्हणून ते आणखी चिंच लावतात आणि डाग पसरतो. याला 'पितळ तांबूस पडलं' म्हणावं. उपाय आंबटाचा नाही, घासण्याचा: थेंबभर खोबरेल तेलात बारीक राख कालवून सुती चिंधीने एकाच दिशेने घासा, तो पातळ थर झिजून पिवळा रंग परत येतो. रात्रभर चिंचेत बुडवून ठेवलेलं भांडं मात्र घरी पूर्ववत होईलच असं नाही. संडास धुवायचं अ‍ॅसिड तर कधीच वापरू नये.

शेवटी साध्या पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून भांडी विसळा, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, आणि लगेच कोरडी पुसा. पाणी आपोआप वाळू दिलं तर थेंबांच्या जागी डाग राहतात.

उजळणं चित्रणात दिसावं यासाठीही थोडं बघावं लागतं. चाळीस मिनिटांचं काम दर दोन सेकंदांना एक फोटो या हिशेबाने १२०० फोटो देतं, सेकंदाला ३० लावले तर ४० सेकंदांचं चित्रण होतं. पण काही फोन चित्रण लांबलं की दोन फोटोंमधलं अंतर आपोआप वाढवतात, आणि रंग पालटण्याचा क्षण त्यातच निसटतो. म्हणून ताम्हणावर कोळ लावण्याचा भाग वेगळा, सेकंदाला एक फोटो घेऊन टिपा. उजेड आणि रंगाची जुळवणी सुरुवातीलाच लॉक करा. तसं न केल्यास तांबं लाल होत जाईल तसा फोन रंग 'सुधारत' बसतो आणि फरक फिका पडतो. बसायला ओसरीची सावली बरी, उन्हात पितळेवर नुसती तिरीप चमकते.

मजकूर असा लिहा: 'राखडीने घासली, चिंच-मिठाने उजळली.' घंटेचा गुलाबी डाग चित्रणात आला असेल तर तो कापू नका, त्याखाली 'पितळ जास्त वेळ चिंचेत राहिलं' एवढं टाका.