संगणक नसताना कोडिंग: वही, पेन्सिल आणि तीन गुप्त अंक

*“माझी मुलगी सहावीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळेतले संगणक बंद पडून आहेत, घरात एकच फोन. कोडी सोडवायला तिला फार आवडतं. परवा एक क्लासवाले घरी येऊन सांगून गेले की आत्ताच कोडिंग सुरू केलं नाही तर पोरगी मागे पडेल. फी चाळीस हजार, हप्त्याने दिली तरी चालेल म्हणाले. आम्ही दोघंही शेती करतो. संगणकाशिवाय तिला यातलं खरंच काही शिकवता येईल का, की ते नुसतं मनाचं समाधान?” – एक आई, जि. परभणी*

ताई, हप्ता भरू नका. सहावीतली मुलगी या वर्षी कोडिंग शिकली नाही म्हणून तिचं काही अडत नाही. आणि हो, शिकवता येईल. दहा-वीस खेळांची यादी देण्यापेक्षा एकच खेळ नीट सांगते. तो तुम्ही आणि ती रात्री जेवणं झाल्यावर खेळू शकाल.

एकीने १ ते ६ यांतले तीन वेगवेगळे अंक मनात धरायचे, क्रमासकट, आणि ते कागदावर लिहून घडी करून ठेवायचे. दुसरीने तीन अंकी अंदाज सांगायचा. पहिलीने उत्तरात दोनच गोष्टी सांगायच्या: किती अंक बरोबर असून बरोबर जागी आहेत (त्यांना आपण ‘पक्का’ म्हणू) आणि किती अंक बरोबर असून चुकीच्या जागी आहेत (ते ‘कच्चा’). कोणता अंक पक्का, कोणता कच्चा, हे सांगायचं नाही. प्रत्येक अंदाज आणि त्याचं उत्तर वहीत एकाखाली एक लिहायचं. हा खेळ जुना आहे. रंगीत खुंट्यांचा त्याचा भाऊबंद १९७०च्या दशकात ‘मास्टरमाइंड’ या नावाने खोक्यातून विकला जाऊ लागला. आपल्याला खोकं लागत नाही.

आता एक डाव बघू. अशा संख्या एकूण १२० होतात: पहिल्या जागी सहा पर्याय, दुसऱ्या जागी पाच, तिसऱ्या जागी चार. मुलीचा पहिला अंदाज १२३. तुमचं उत्तर: एक पक्का, एक कच्चा. म्हणजे १, २, ३ यांपैकी दोनच अंक आहेत. त्यातला एक आपल्या जागी आहे, दुसरा हललेला आहे, आणि उरलेल्या जागी ४, ५ किंवा ६ आहे. हे सगळं वहीत मांडलं तर फक्त १८ संख्या उरतात. एका प्रश्नात शंभरावर संख्या बाद झाल्या.

दुसरा अंदाज १४२. उत्तर: पक्का एकही नाही, कच्चा एक. इथे मुलं घाई करतात, तिला थांबवा. त्या १८ मधली एकेक संख्या घेऊन तिने स्वतःला विचारायचं, “ही खरी असती, तर १४२ला हेच उत्तर मिळालं असतं का?” नसेल तर काट मारायची. शेवटी सहा उरतात: ३२५, ३२६, ५१३, ६१३, २५३ आणि २६३.

खरी गंमत तिसऱ्या अंदाजात आहे. सहांपैकी कोणतीही सांगितली तरी चालेल असं वाटतं, पण तसं नाही. समजा तिने ३२५ सांगितलं. खरी संख्या ५१३ असली तरी उत्तर ‘दोन कच्चे’ येतं आणि २६३ असली तरी ‘दोन कच्चे’च येतं. म्हणजे नशीब वाईट असेल तर पुन्हा दोन संख्यांत अडकणं आलं. त्याऐवजी ५१३ सांगितलं तर सहाही संख्यांना वेगवेगळी उत्तरं मिळतात. ३२५ असेल तर दोन कच्चे, ३२६ असेल तर एक कच्चा, ६१३ असेल तर दोन पक्के, २५३ असेल तर एक पक्का एक कच्चा, २६३ असेल तर नुसता एक पक्का, आणि ५१३च असेल तर तिन्ही पक्के. उत्तर काहीही आलं तरी चौथ्या वेळी ती नक्की सांगणार. बरोबर आकडा लागण्याच्या आशेने अंदाज करायचा, की उरलेल्या शक्यता जास्तीत जास्त फोडणारा प्रश्न विचारायचा, हा फरक तिला एकदा कळला की तिचं खेळणं बदलतं. डोनाल्ड क्नुथ या संगणकशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये याच पद्धतीने मोठ्या खेळाचा हिशेब मांडला. तिथे सहा रंग आणि चार जागा असतात, रंग पुन्हा वापरता येतो, त्यामुळे १,२९६ शक्यता होतात. तरीही जास्तीत जास्त पाच अंदाजांत उत्तर सापडतंच, हे त्यांनी दाखवून दिलं.

ती खरंच विचार करतेय की नुसते आकडे फेकतेय, हे ओळखायला तुम्हाला गणित यायची गरज नाही. तिची वही बघा. १४२ला एकही पक्का नाही असं कळल्यावरही तिने १६२ सांगितलं, तर तिने मागचं उत्तर वापरलेलंच नाही. १ पहिल्या जागी नाही हे आधीच ठरलं होतं. अशा वेळी उत्तर सांगू नका. “या ओळीने आपल्याला काय कळलं होतं गं?” एवढंच विचारा. आणखी एक अडचण हमखास येते. उत्तर देणारी स्वतःच मोजण्यात चुकते आणि मग सगळा डाव फिसकटतो. काट मारता मारता एकही संख्या उरली नाही, तर समजा की कुठेतरी उत्तर चुकलंय किंवा काट चुकीची पडलीय. मागे जाऊन एकेक ओळ तपासायची. प्रोग्रामरचा निम्मा दिवस याच कामात जातो.

इथवर झाला तर्क. कोडिंग पुढे आहे, आणि बहुतेक ठिकाणी हा खेळ त्याच्या आधीच थांबतो, म्हणून यावर जरा रेंगाळते.

पाच-सहा डाव झाले की तिला सांगा: उत्तर कसं द्यायचं याचा नियम असा लिही की धाकट्या भावाला किंवा शेजारच्या मुलाला खेळ माहीत नसला तरी नुसतं वाचून बरोबर उत्तर देता येईल. त्याने लिहिलंय तेवढंच करायचं, डोकं चालवायचं नाही. पहिल्या खेपेला ती साधारण असं लिहील: “अंदाजातला एकेक अंक घे. गुप्त संख्येत त्याच जागी तोच अंक असेल तर पक्का. नसेल, पण दुसरीकडे कुठे असेल तर कच्चा.” अंक वेगवेगळे आहेत तोवर हा नियम बिनचूक चालतो.

मग एक दिवस खेळ बदला: आता अंक पुन्हा आला तरी चालेल. गुप्त संख्या १२४, अंदाज ११५. तिच्या नियमाने भाऊ काय करेल? पहिला १ जागेवर आहे, पक्का. दुसरा १ जागेवर नाही, पण गुप्त संख्येत १ आहे, म्हणून कच्चा. उत्तर झालं एक पक्का, एक कच्चा. पण गुप्त संख्येत १ एकदाच आहे! तो दोनदा मोजला गेला. बरोबर उत्तर नुसतं ‘एक पक्का’.

ती म्हणेल, मोजलेला अंक खोडायचा. बरोबर, पण तेवढ्याने भागत नाही. आता गुप्त संख्या ४१२ आणि अंदाज तोच, ११५. भाऊ डावीकडून निघतो. पहिला १ जागेवर नाही, पण दुसऱ्या जागी १ आहे, म्हणून कच्चा; तो खोडला. मग दुसरा १ येतो. तो खरा जागेवर होता, पण समोरचा १ आधीच खोडलेला, म्हणून काहीच नाही. उत्तर ‘एक कच्चा’, आणि व्हायला हवं होतं ‘एक पक्का’. उपाय म्हणजे दोन फेऱ्या करायच्या. पहिल्या फेरीत फक्त पक्के शोधून दोन्ही बाजूंनी खोडायचे, दुसऱ्या फेरीत उरलेल्यांतून कच्चे शोधायचे आणि तेही खोडत जायचे. हा उपाय तिला तुम्ही सांगू नका. दोन दिवस लागले तर लागू देत. ‘एकेक घे’, ‘असेल तर, नसेल तर’, मोजलेलं खोडून ठेवणं, कामाचा क्रम आणि आडवळणाच्या उदाहरणावर नियम तपासणं, हे प्रोग्रामचे मूळ घटक तिच्याकडून एका पानात लिहून झालेले असतील.

मर्यादाही सांगायला हव्यात. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत सांकेतिक भाषेचे प्रश्न येतात, तिथे या सवयीचा थोडा उपयोग होईल. पण तिथे दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचं असतं, नियम लिहायचा नसतो, त्यामुळे ती तयारी वेगळी करावी लागेल. आणि वहीवरचा खेळ कीबोर्डवर बोटं बसवत नाही, इंग्रजी सूचना वाचायला शिकवत नाही. भाऊ कितीही शिस्तीचा असला तरी अर्धवट वाक्य समजून घेतो, यंत्र घेत नाही. म्हणून आठवी-नववीत तिला खऱ्या यंत्रासमोर बसवावंच लागेल. त्यासाठी नवा लॅपटॉप नको, एखादा चालू जुना पुरतो. पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा फुकट आहे, आणि पहिला प्रोग्राम म्हणून पक्का-कच्चाचा तोच नियम टंकायला बसवा.

तोवर शाळेतल्या गणिताच्या बाईंना किंवा सरांना दोन गोष्टी विचारा. एक, बेब्रास. लिथुआनियात २००४ साली सुरू झालेली ही स्पर्धा आपल्याकडेही होते. त्यात प्रोग्रामिंग लागत नाही, छोटी तर्ककोडी असतात, आणि प्रश्न भारतीय भाषांतही मिळतात. ती संगणकावर द्यावी लागते, तेव्हा शाळेतलं एखादं यंत्र दुरुस्त करून घ्यायला मुख्याध्यापकांना हे चांगलं निमित्त आहे. तालुक्याच्या एखाद्या शाळेत सोय होते का, तेही विचारता येईल. नुसत्या सरावाला जुने प्रश्न कागदावर उतरवून घेतले तरी चालतात.

दुसरी गोष्ट जरा लांबची. भारतीय संगणन ऑलिंपियाड या स्पर्धेच्या पहिल्या पायरीवर ‘झोनल इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाड’ नावाची लेखी परीक्षा असते. तिथे कोड लिहायचा नसतो. पद्धत शोधायची, ती दिलेल्या आकड्यांवर हाताने चालवायची आणि उत्तर लिहायचं. पुढच्या पायरीला मात्र प्रोग्रामिंग लागतंच. प्रश्न अवघड असतात, नववीच्या आधी त्या वाटेला जायची घाई नको. जुन्या प्रश्नपत्रिका परीक्षा घेणाऱ्या आयएआरसीएस या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. तालुक्याला गेलात की एखादी छापून आणा आणि त्यातला एक प्रश्न सरांकडून मराठीत समजावून घ्या. सोडवायला तिला आठवडा लागला तरी चालेल.