आमच्या खोलीतलं कपाट

प्रश्न: लग्नाला सात महिने झाले. एकत्र कुटुंब आहे, सासू-सासरे स्वभावाने चांगले आहेत, पण आम्हा दोघांना एकमेकांसाठी वेळच मिळत नाही. वेगळं राहायचं नाही. कुणालाही न दुखावता काय करता येईल?

उत्तर:

‘कुणालाही न दुखावता’ हे आधी सोडून द्या. कुणीतरी रुसणारच. ते चार दिवस रुसणार की तुम्ही दोघं पुढची दहा वर्षं आतल्या आत धुमसत राहणार, एवढंच ठरवायचं असतं.

माझ्या लग्नाला १३ वर्षं झाली आणि मी अजून त्याच घरात राहते. सासू-सासरे, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि आम्ही दोघं. म्हणजे लांबून सल्ला देत नाहीये.

पहिलं वर्ष आमची खोली नावालाच आमची होती. तिच्यात घरातलं मोठं लोखंडी कपाट उभं होतं. मी येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथेच होतं, आणि ते तिथे का आहे हे कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं. सासऱ्यांची कागदपत्रं त्यात, जाऊबाईंचे ठेवणीतले कपडे त्यात, मुलांचे गरम कपडे त्यात, वर पाहुण्यांच्या गाद्या. औषधांचा डबा खालच्या कप्प्यात. शिवाय घरातला एकमेव धड चालणारा प्लग आमच्या खिडकीपाशी, त्यामुळे थोरला पुतण्या चार्जर घेऊन कधीही हजर. रात्री दहाला सासूबाई गुडघ्याच्या मलमासाठी यायच्या. आल्या की पाच मिनिटं पलंगावर टेकायच्या, आणि मग दिवसभराचं बोलणं निघायचं.

मी कडी लावून पाहिली. तुम्हीही लावली असेल. कडी लावण्यासारखी मोठी चूक नाही, निदान सुरुवातीला तरी. माणूस कपाटापाशी यायचा तो येतोच, फक्त आता तो दार वाजवतो, तुम्ही उठता, कडी निघेपर्यंत तो बाहेर उभा असतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात सगळ्या घराला कळतं की दुपारी कडी लागली होती. जाऊबाई एकदा स्वयंपाकघरातून, मला ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाल्या, “दिवसाढवळ्या कसली कडी?” मी त्यानंतर दोन महिने कडीला हात लावला नाही.

त्या दोन महिन्यांत नवऱ्याशी भांडण मात्र रोज. माझं ठाम मत झालं होतं की सासूबाई मुद्दाम येतात. तो म्हणायचा, “आईला मी काय सांगू? स्वतःच्या घरात दार वाजवून ये म्हणून?” मी जे बोलले त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही.

मग एका रविवारी मी चिडून मोजायला बसले. दुपारी दोन ते पाच. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहीत गेले: कोण आलं, कशाला आलं. तीन तासांत दार नऊ वेळा उघडलं. नवऱ्याला तोंडावर पुरावा टाकायचा होता मला. पण यादी वाचली आणि माझाच आवाज बसला. चार्जर, चार्जर, मुलाचा स्वेटर, विजेचं बिल, औषध, गादी, पुन्हा चार्जर, कपाटाची किल्ली, कैची. नऊ खेपांत एकही माणूस आमच्याकडे आलेलं नव्हतं. सगळे वस्तूंकडे आले होते, आम्ही फक्त वाटेत होतो.

म्हणून तुम्हाला सांगते, सासूशी बोलण्याच्या आधी ही यादी करा. दोन सुट्टीचे दिवस पुरतात. लोक वस्तूसाठी येत असतील तर तो स्वभावाचा प्रश्न नाही, सामानाचा आहे आणि सुटणारा आहे. वस्तू नसतानाही येत असतील, बसत असतील, तुम्ही बोलत असताना मध्ये पडत असतील, तर गोष्ट वेगळी. तिच्यावर पुढे येते.

कपाट हलवायला आम्हाला दहा दिवस लागले, त्यातलं उचलायचं काम अर्ध्या तासाचं. सासूबाईंच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये जागा होती. मी टेपने मापलं, दोन्ही दारं पूर्ण उघडतात का, येणाऱ्याजाणाऱ्याला अडत नाही ना, ते पाहिलं. हे आधी पाहावं. कारण नाही म्हणणारा माणूस पहिल्यांदा ‘तिथे मावणार नाही’ असंच म्हणतो, आणि तेव्हा आपल्याकडे उत्तर नसलं की विषय वर्षभर मागे जातो.

बोलायचं होतं नवऱ्याने. यात माझी तडजोड नव्हती आणि आजही नाही. ज्याची आई, त्याने बोलायचं. सुनेने सांगितलं की ती तक्रार होते, मुलाने सांगितलं की ती सोय होते. अन्याय आहे, पण असंच आहे. ‘तूच सांग, बायकाबायकांत नीट होतं’ म्हणणारा नवरा तुम्हाला पुढे करून स्वतः लाडका राहतो, हे त्याला तोंडावर सांगा.

पहिल्या खेपेला तो बोलला आणि फसलं. तो म्हणाला, “आई, तुला रात्री औषधाला आमच्या खोलीत यावं लागतं, कपाट तुझ्या दाराशी आणतो.” सासूबाई म्हणाल्या, “मला कसला त्रास? तेवढेच पाय मोकळे होतात. राहू दे.” संपलं. अर्धं कारण सांगितलं की असं होतं. समोरचं माणूस ते अर्धं कारण मोठ्या मनाने माफ करून टाकतं आणि आपल्याला पुढे बोलता येत नाही. दुसऱ्या खेपेला मी त्याला पूर्ण वाक्य पाठ करायला लावलं. अक्षरशः पाठ. “आई, तुझीही सोय होईल आणि आम्हालाही आमची खोली मोकळी हवी आहे. रविवारी हलवतो.” त्यात माझं नाव नाही, ‘हलवू का’ नाही, आणि दिवस ठरलेला आहे. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग “बरं” म्हणाल्या. पुढचे चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. पाचव्या दिवशी स्वतःच औषधांचा डबा कुठल्या कप्प्यात बरा पडेल ते विचारायला आल्या. एक्स्टेंशन बोर्ड बाहेरच्या खोलीत लावला, पुतण्या त्याच दिवशी तिकडे वस्तीला गेला.

त्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा मोजलं. दोन वेळा. दोन्ही वेळा धाकटी पुतणी, आणि ती मला आवडते. आणि कडी? आता कुणी येतच नाही म्हटल्यावर कडी लागली काय न लागली काय, कुणाला कळायचं कारणच उरलं नाही.

संध्याकाळचं थोडक्यात सांगते, कारण तिथे चूक माझी होती. नवरा साडेसातला यायचा आणि मला वाटायचं त्याने थेट खोलीत यावं. यायचा, आणि पाच मिनिटांत बाहेरून हाक. मी मनात म्हणायचे, झालं सुरू. पण सासूबाईही दिवसभर त्याचीच वाट बघत असायच्या, हे मला कळायला वेळ लागला. आम्ही क्रम उलटा केला. आल्यावर आधी २० मिनिटं आईपाशी, फोन बाजूला ठेवून. मग खोलीत. हाका जवळजवळ बंद झाल्या. याला माझ्या बहिणीने शरणागती म्हटलं होतं, म्हणू दे. त्या २० मिनिटांच्या बदल्यात मला सलग तासभर मिळायला लागला.

जेवणानंतर साडेनऊला आम्ही ४० मिनिटं चालायला जातो. हेही आधी बिघडलंच. पहिल्या आठवड्यात ‘यालाही न्या’ म्हणून पुतण्या बरोबर, मग ‘येताना हे घेऊन या’ची यादी. पुतण्याला शनिवार दिला, तो दिवस त्याचा. सामान नवरा ऑफिसातून येतानाच आणायला लागला, म्हणजे रात्री सांगायला काही उरायचं नाही. तरी तिसरी अडचण उरली, आणि ती आमचीच होती: पूर्ण वेळ आम्ही घरातल्यांबद्दलच बोलायचो. परत यायचो तेव्हा चार माणसं सोबत घेऊन फिरल्यासारखं वाटायचं. मग ठरवलं की पहिल्या वळणापर्यंत घरातल्या तक्रारी, वळण आलं की बंद. सुरुवातीला वळणानंतर आम्ही चक्क मुक्याने चालायचो, बोलायला विषयच नाही. साधारण तीन आठवडे असं गेलं. तुमचंही तसं झालं तर घाबरू नका आणि पुन्हा घरच्या विषयाकडे वळू नका.

वस्तू नसताना येऊन बसणाऱ्यांचं म्हणाल, तर त्यांना बसायची वेगळी वेळ द्यावी लागते. माझ्या सासूबाईंना रात्रीचं मलम निमित्त होतं, बोलायला हवं होतं. ते मी दुपारी तीनला हलवलं. त्यांच्या खोलीत मी जाऊन बसते. त्या माझ्याकडे आल्या की कधी उठतील ते माझ्या हातात नसतं, मी त्यांच्याकडे गेले की उठायचं माझ्या हातात असतं.

आता एक-दोन गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. आमच्याकडे पॅसेज होता म्हणून हे जमलं. दोन खोल्यांच्या घरात खोलीसाठी भांडू नका, बाहेरचा ठराविक वेळ पक्का करा. घरात कुणी खरंच आजारी असेल आणि रात्री उठावं लागत असेल, तर ती पाळी भावाभावांत वाटून घ्या, एकाच जोडप्यावर नको. आणि तुमचा पगार काढून घेतात, फोन तपासतात, माहेरी बोलू देत नाहीत असं काही असेल, तर हे सगळं विसरा. त्याला जुळवून घेणं म्हणत नाहीत. माहेरच्यांना सगळं खरं सांगा, कपाटं मोजत बसू नका.

राहता राहिल्या जाऊबाई. कपाट बाहेर आलं त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, “आज कपाट काढलं, उद्या आम्हाला काढतील.” इतक्या वर्षांनंतरही एखादं लग्नकार्य आलं की चार पाहुण्यांत हे वाक्य निघतंच, आणि दर वेळी नवीन पुरवणी जोडून: आता म्हणे कपाटाची दुसरी किल्ली मी तेव्हाच माझ्याकडे दडवून ठेवली होती. त्या कपाटाला दुसरी किल्ली कधी नव्हतीच. जी एक होती ती सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी जाऊबाईंच्या हातात दिली आणि अजून त्यांच्याच पर्समध्ये आहे. आणि कपाट पॅसेजमध्ये आल्यापासून आपले ठेवणीतले कपडे काढायला त्यांना कुणाचं दार वाजवावं लागत नाही, हे मात्र त्या एकाही पाहुण्याला सांगत नाहीत.